इनसेम झाली म्हणून नोडल संपत नाही

पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलने तळेगाव, कामशेत, मळवली ही स्थानके मागे टाकीत मावळातील अभियांत्रिकी महाविद्यालयांकडे जाणाऱ्या द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या तोंडून परीक्षेच्या हंगामात एक वाक्य इतक्या निश्चिंतपणे कानी पडते, की ते विद्यापीठाच्या एखाद्या परिपत्रकातच छापलेले असावे, अशी शंका यावी. “नोडल-मेश इनसेमला झालं ना, एंडसेमला ते येतच नाही, मग कशाला बघायचं?” असे ते वाक्य. ‘सर्किट’च्या पेपरापूर्वी उरलेल्या एकुलत्या एका आठवड्याची सारी मांडणी मग या एका वाक्यावर होते, आणि ती मुळातच चुकते.

या समजुतीला अर्धा दाखला आहे, हे मान्य केले पाहिजे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या पॅटर्नप्रमाणे सत्राच्या मध्यावरची परीक्षा ३० गुणांची आणि पहिल्या दोन घटकांवर, तर सत्रान्त परीक्षा ७० गुणांची आणि उरलेल्या चार घटकांवर असते. नोडल विश्लेषणावर स्वतंत्र प्रश्न शेवटच्या पेपरात येत नाही, एवढे यावरून सिद्ध होते. परंतु ज्या प्रश्नाचे शीर्षक ‘ट्रान्झियंट’ आहे त्याच्या दुसऱ्याच ओळीत नोडचे समीकरण मांडावे लागते, हे परिपत्रकात कोण लिहिणार?

एक परिपथ घेऊ, म्हणजे वाद उरणार नाही. १२ व्होल्टचा स्रोत एका स्विचमधून आणि ४ ओहमच्या रोधातून A या नोडशी जोडला आहे. त्या रोधातून A कडे वाहणाऱ्या प्रवाहाला ix म्हणू. A आणि भूमी यांच्यामध्ये आणखी एक ४ ओहमचा रोध आहे, त्याला समांतर १००० मायक्रोफॅरडचा अनाविष्ट कपॅसिटर आहे, आणि भूमीकडून A मध्ये 2ix इतका प्रवाह ढकलणारा एक डिपेन्डंट सोर्स आहे. t = 0 ला स्विच बंद होतो; कपॅसिटरवरील व्होल्टेज काढा, असा प्रश्न. पेपरात तो ट्रान्झियंटच्या घटकाखाली येतो आणि विद्यार्थी तो ट्रान्झियंटचा समजूनच सोडवावयास बसतो.

अंतिम मूल्य काढताना कपॅसिटर उघडा धरावा. A वरील व्होल्टेज V असेल, तर रोधातून ix आणि सोर्समधून 2ix, म्हणजे एकंदर 3ix इतका प्रवाह A मध्ये येतो आणि तो सगळा खालच्या रोधातून जातो; 3(12 − V)/4 = V/4, म्हणून V = ९ व्होल्ट. येथवर बहुतेक जण सुखरूप पोहोचतात. खरी फसगत पुढे, कालांक काढताना होते. कपॅसिटरच्या टोकांतून दिसणारा रोध हवा, म्हणून विद्यार्थी सवयीने ‘सगळे सोर्स मारतो’: व्होल्टेजचा शॉर्ट, प्रवाहाचा ओपन, उरले ४ आणि ४ ओहम समांतर, म्हणजे २ ओहम, आणि कालांक २ मिलिसेकंद. उत्तर नीटनेटके दिसते, आकडा पूर्णांकी येतो, आणि तरीही ते साफ चूक असते.

डिपेन्डंट सोर्स मारता येत नाही, कारण त्याचे बळ स्वतःचे नसून ix वर अवलंबून असते, आणि ix अद्याप जिवंत आहे. फक्त १२ व्होल्टचा स्रोत शॉर्ट करून A वर १ व्होल्टचा चाचणी-स्रोत लावावा. मग ix = −1/4 अँपिअर, सोर्सचा प्रवाह −1/2, आणि खालच्या रोधात 1/4. केसीएल लिहिले की चाचणी-स्रोताला १ अँपिअर द्यावा लागतो असे निघते; रोध १ ओहम, कालांक १ मिलिसेकंद, आणि उत्तर v(t) = 9(1 − e^(−1000t)) व्होल्ट.

याची खातरजमा परीक्षागृहात अर्ध्या मिनिटात होते. t = 0 च्या क्षणी अनाविष्ट कपॅसिटर शॉर्टसारखा वागतो, म्हणून ix = ३ अँपिअर, सोर्सचे ६, आणि कपॅसिटरमध्ये शिरणारा प्रवाह ९ अँपिअर. आपल्या उत्तराचे अवकलन करून धारितेने गुणले, तर नऊच यावयास हवेत, आणि येतात. २ मिलिसेकंदवाल्या उत्तरातून साडेचार येतात. हा ताळा ज्याने एकदा करून पाहिला, त्याला ‘नोडल इनसेमला झालं’ असे म्हणण्याचा धीर होऊ नये. परंतु होतो, आणि दर सत्रात होतो.

म्हणून आठवड्याचा क्रम गुणांच्या वजनाप्रमाणे न लावता, कोणता विषय कोणत्या विषयाच्या खांद्यावर उभा आहे हे पाहून लावावा. पहिला पूर्ण दिवस आणि दुसऱ्याची सकाळ बेलाशक नोडल, मेश, सुपरनोड आणि चाचणी-स्रोताने काढलेला थेवेनिन रोध यांना द्यावी; उदाहरणे थोडी, पण प्रत्येकात डिपेन्डंट सोर्स असलेली. तेथून तिसऱ्या दिवसाच्या अखेरपर्यंत प्रारंभिक स्थिती आणि आर-एल, आर-सी. व्हॅन व्हॉल्कनबर्ग यांनी ‘नेटवर्क अ‍ॅनालिसिस’मध्ये प्रारंभिक स्थितींना स्वतंत्र प्रकरण दिले आहे, ते उगाच नव्हे. चौथ्या दिवशी लाप्लास घ्यावा. तेथे कपॅसिटरच्या जागी 1/(sC) लिहून पुन्हा तेच नोडचे समीकरण मांडायचे असते, आणि आर-एल-सी परिपथ तेव्हा वेगळा धडा वाटत नाही. पाचव्या दिवशी टू-पोर्ट, सहाव्या दिवशी नेटवर्क फंक्शन, ध्रुव व शून्ये आणि राहिलेले घटक.

सराव कसा करावा याविषयीचा दुसरा हट्टी गैरसमज असा, की सोडवलेली उदाहरणे दोनदा वाचली म्हणजे ती येतात. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र, मजकूर समोर न ठेवता आठवून लिहिणारे पुढे गेले. तो मजकूर गद्य होता, परिपथ नव्हते, ही मर्यादा ध्यानात घेऊनही पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर परिपथ काढणे हाच सराव मानावा.

बाकीच्या समजुतींना एकेक ओळ पुरे. कपॅसिटर t = 0 ला नेहमीच शॉर्ट नसतो; आधी भारित असेल, तर तो त्या व्होल्टेजचा स्रोत असतो. सुपरपोझिशनने प्रवाह आणि व्होल्टेज यांची बेरीज होते, शक्तीची होत नाही. टू-पोर्टचे रूपांतर-कोष्टक पाठ केल्याने चूक पकडता येत नाही; परस्परगामी परिपथात AD − BC = 1 येते का, हे पाहिल्याने ती पकडता येते. आणि महत्तम शक्ती म्हणजे महत्तम कार्यक्षमता नव्हे: थेवेनिन स्रोतातली निम्मी शक्ती तेव्हा त्याच्याच रोधात जळते. वळवण आणि लोणावळा तलावांचे पाणी खोपोलीस उतरवून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविणाऱ्या टाटांच्या कंपनीने महत्तम शक्तीचे प्रमेय वाहिन्यांना लावले असते, तर निम्मी वीज वाटेतच गेली असती.

सातव्या दिवशी नवे काहीही उघडू नये. ७० गुणांच्या पेपराला अडीच तास असतात आणि चार प्रश्न लिहावयाचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी साडेसदतीस मिनिटे; जुना एक पेपर घड्याळ लावून संपूर्ण सोडवावा, आणि प्रत्येक ट्रान्झियंट उत्तराचा t = 0 चा ताळा स्वतः करून झाल्याखेरीज उत्तरसूचीकडे पाहू नये.