वाड्याच्या दर्शनी भागावर तिरपं ऊन

संगणकाकडून चित्र काढून घेण्यासाठी आपण जो मजकूर लिहितो, तो प्रॉम्प्ट. ‘कोरीव लाकडाचा, कौलारू, चौकाचा जुना वाडा, दुपार कलताना’ एवढंच लिहिलं, तर राजस्थानी हवेली आणि केरळी छप्पर यांची खिचडी पुढ्यात येण्याची शक्यता बरीच. शिवाय ‘चौक’ वाचला की यंत्र आपल्याला चौकातच नेऊन उभं करतं. बाहेरून वाडा हवा असेल, तर रस्त्यावरून पाहतोय असं सांगावं आणि चौक फक्त उघड्या दारातून दिसणाऱ्या उजेडापुरता ठेवावा.

पुण्याचा विश्रामबागवाडा घ्या. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातली ही वास्तू. तिच्या दर्शनी बाजूला सुरूच्या झाडासारखे निमुळते लाकडी खांब आणि केळफुलाचं कोरीव काम आहे. ‘सुंदर नक्षी’ या शब्दांतून यातलं काहीच यंत्राला कळत नाही. नुसतं नाव दिलं तरी भरवसा नाही, म्हणून आकार सांगायचा: तळाशी फुगीर, वर निमुळता खांब, डोक्याशी खाली लोंबणारी कळी. कौलांचंही तसंच. मंगलोरी चपटी कौलं १८६५ नंतर कारखान्यात तयार होऊ लागली. त्याआधीची हवी असतील तर ‘अर्धगोल, मातीची, किंचित वेडीवाकडी’ असं लिहावं.

खरी गोम उन्हात आहे. समजा, छपराची वळचण भिंतीपुढे ६० सेंटिमीटर आलेली आहे आणि सूर्य क्षितिजापासून २५ अंशांवर आहे. तो घराच्या अगदी समोर असेल तर वळचणीची सावली भिंतीवर जेमतेम २८ सेंटिमीटर उतरते, आणि कोरीव काम सपाट दिसतं. तोच सूर्य तेवढ्याच उंचीवर ठेवून ७० अंश बाजूला नेला, की सावली ८२ सेंटिमीटरपर्यंत येते आणि कळीची पाकळी न् पाकळी उठून दिसते. म्हणून ‘सोनेरी प्रकाश’ लिहिण्यापेक्षा सूर्य कुठे आहे ते लिहिलेलं बरं. त्याने फक्त रंग पिवळा होतो, असा माझा अनुभव.

```
रस्त्यावरून, डोळ्याच्या उंचीवरून दुमजली मराठी वाडा.
दगडी जोतं, विटांची भिंत, वर लाकडी सज्जा.
सज्जाला सहा निमुळते सागवानी खांब, माथ्याशी केळफूल.
अर्धगोल मातीची कौलं. सूर्य डावीकडे, खाली,
भिंतीला जवळजवळ समांतर; सावल्या उजवीकडे लांब.
```

‘कमानी नकोत’ असं लिहू नका. नकारातला शब्द ऐकून काही यंत्रं नेमकी कमानच काढतात. त्यापेक्षा ‘चौकटीचा सरळ दरवाजा’ म्हणा.

चित्र आलं की मोठं करून पाहायचं. खांब सहाच आहेत का? वळचणीची आणि खांबांची सावली एकाच बाजूला पडते का? कौलांच्या ओळी आढ्याशी नीट मिळतात की एकमेकींत विरघळतात? सावली चुकली असेल तर प्रॉम्प्टमधलं दिशेचं वाक्य अगदी सुरुवातीला आणून पाहावं. नक्षीचा लगदा झाला असेल, तर अख्खा वाडा एका चित्रात मावतच नाही, असं समजावं आणि सज्जाचं वेगळं चित्र मागवावं.