कार्टपर्यंत येऊन परतलेले गिऱ्हाईक

ऑनलाइन दुकानात आलेल्या शंभर जणांपैकी दोन-तीन जणांनी खरेदी केली, तरी दुकान बरे चालले आहे असे मानतात. उरलेले सत्त्याण्णव मात्र एकाच ठिकाणाहून परतलेले नसतात. कोणी पहिले पान पाहून जाते, तर कोणी पत्ता भरून झाल्यावर. भेटीपासून खरेदीपर्यंतची ही पायरीवार गळती मांडणाऱ्या तक्त्याला ‘कन्व्हर्जन फनेल’ म्हणतात. गूगल ॲनालिटिक्समध्ये या पायऱ्यांना ठरलेली नावे आहेत. वस्तूचे पान उघडले की `view_item`, वस्तू कार्टमध्ये टाकली की `add_to_cart`, मग `begin_checkout`, `add_payment_info` आणि शेवटी `purchase`. प्रत्येक ठिकाणी एवढेच पाहायचे, की आधीच्या पायरीवरच्या किती जणांनी ही पायरी गाठली.

हा हिशेब सहसा आठवड्याचा ठेवतात. रविवारी निवांत पाहणारे जास्त असतात आणि कामाच्या दिवशी गिऱ्हाइकाची चाल वेगळी असते, त्यामुळे रोजचे आकडे उगाच हेलकावे खातात. सात दिवसांत प्रत्येक वार एकदाच येतो आणि तुलना सरळ होते. एक अडचण तरीही राहतेच. रविवारी रात्री कार्ट भरून मंगळवारी पैसे देणारा माणूस एका आठवड्यात गळती म्हणून दिसतो आणि पुढच्या आठवड्यात विक्री म्हणून. महागड्या, विचार करून घ्यायच्या वस्तूंसाठी म्हणूनच एका आठवड्यात आलेल्यांचा माग आणखी काही दिवस काढून मग तक्ता पक्का करणे बरे.

देवगडचा हापूस घरपोच पाठवणारी एक वेबसाइट घेऊ. आकडे केवळ उदाहरणापुरते आहेत. एका आठवड्यात २०,००० जण आले. त्यांपैकी ९,००० जणांनी पेटीचे पान उघडले, १,३५० जणांनी पेटी कार्टमध्ये टाकली, ८१० जण चेकआउटला गेले, पत्ता भरून ६४८ जण पैसे देण्याच्या पानावर पोचले आणि ४८६ ऑर्डरी झाल्या. सर्वांत मोठी गळती पेटीच्या पानावर दिसते, कारण तिथून पुढे जाणारे अवघे १५ टक्के. पण पेटी पाहणारे बरेचसे नुसते भाव बघायला आलेले असतात. ती गळती दर आठवड्याला तेवढीच असेल, तर तिच्यामागे लागण्यात अर्थ नाही. पाहायचे असते ते नेहमीपेक्षा काय बदलले.

पुढच्या आठवड्यात पहिले चार आकडे जवळपास तसेच राहिले, मात्र ८१० पैकी ४२९ जणच पैसे देण्याच्या पानावर पोचले. ८० टक्क्यांवरून थेट ५३. ऑर्डरी आल्या ३२२. आता हीच एक पायरी फोडून पाहायची. मोबाइल आणि कॉम्प्युटर वेगळे केले, तर घसरण दोन्हीकडे सारखीच; म्हणजे पानाचा बिघाड नव्हे. गावांप्रमाणे पाहिल्यावर मुंबई-पुण्याचे प्रमाण जसेच्या तसे, तर लांबच्या शहरांचे जवळपास शून्य. कुरिअरने काही पिनकोड बंद केले होते, आणि पत्ता भरून झाल्यावरच ‘येथे डिलिव्हरी नाही’ ही ओळ दिसत होती.

यावर पिनकोड विचारण्याची चौकट पेटीच्या पानावरच आणली. तिसऱ्या आठवड्यात पत्त्याची पायरी पुन्हा ८० टक्क्यांवर आली, पण कार्टमध्ये टाकणारे १५ वरून १० टक्क्यांवर उतरले. ऑर्डरी झाल्या ३२४. गळती फक्त वरच्या पायरीवर सरकली होती. गिऱ्हाइकाचा खोळंबा वाचला हे खरे, पण विक्री वाढायची तर दुसरा कुरिअर शोधायला हवा, किंवा निदान त्या शहरांतल्या जाहिराती थांबवून तो खर्च वाचवायला हवा. एकाच पायरीची टक्केवारी सुधारली म्हणून खूश होणाऱ्यांना हे दिसत नाही.

शेवटच्या पायरीचा आकडा तर तपासल्याशिवाय धरूच नये. यूपीआयने पैसे देणारा माणूस दुसऱ्या ॲपमध्ये जातो आणि पैसे गेल्याचे दिसले की पुष्कळदा वेबसाइटवर परततच नाही. आभाराचे पान उघडत नाही, आणि `purchase` त्या पानावरून नोंदवले जात असेल तर विक्री होऊनही तक्त्यात गळतीच दिसते. उलट ते पान पुन्हा उघडले गेले तर एक ऑर्डर दोनदा मोजली जाऊ शकते. म्हणून प्रत्येक विक्रीसोबत वेगळा `transaction_id` पाठवतात. ऑर्डरींची वही आणि पेमेंट गेटवेचा हिशेब फनेलशेजारी ठेवला की ही तफावत लगेच कळते.

लहान दुकानांनी आणखी एक धरून चालावे. आठवड्याला सरासरी ३६ ऑर्डरी येत असतील, तर काहीही न बदलता एखाद्या आठवड्यात ३० आणि दुसऱ्यात ४२ येणे अगदी साहजिक आहे. तिथे चार-चार आठवडे एकत्र करूनच गळती मोजावी.