डेटा तुमचा, पण चावी कोणाकडे?

माझ्या संशोधनाचा विषय सॅस करार, म्हणजे 'सॉफ्टवेअर ॲज अ सर्व्हिस'चे करार. सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरवर चालतं, आपण महिन्याचं भाडं भरतो आणि आपला डेटाही तिकडेच राहतो. अशा जवळपास प्रत्येक करारात एक वाक्य असतं: 'ग्राहकाच्या डेटावर ग्राहकाचीच मालकी राहील.' हे वाचून आपण निश्चिंत होतो. मात्र हे वाक्य कुठे अपुरं पडतं, ते नायरा एनर्जीच्या प्रकरणात दिसलं.

नायराची गुजरातमध्ये वाडिनारला मोठी तेलशुद्धीकरण रिफायनरी आहे आणि तिच्यात रशियाच्या रॉसनेफ्टचा मोठा हिस्सा आहे. १८ जुलै २०२५ रोजी युरोपीय संघाने या कंपनीवर निर्बंध लावले. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. लायसन्सचे पैसे पूर्ण भरलेले असूनही आमच्याच डेटापर्यंत आम्हाला पोहोचू दिलं जात नाही, अशी तिची तक्रार होती. महिना संपता संपता सेवा परत सुरू झाल्या. त्यामुळे मूळ कायदेशीर प्रश्नावर निकाल आलाच नाही.

आता गंमत बघा. त्या दिवसांत डेटाच्या मालकीवर कोणी हक्क सांगितला नव्हता, अडलं होतं ते फक्त पोहोचण्यापाशी. करारांत 'समाप्ती' आणि 'स्थगिती' ही दोन वेगळी कलमं असतात. डेटा परत नेण्याची मुदत बहुतेक वेळा समाप्तीनंतर सुरू होते. सेलफोर्सच्या प्रमाणित करारात ती ३० दिवसांची आहे, मायक्रोसॉफ्टच्या अटींत ९० दिवसांची. पण सेवा नुसती स्थगित झाली, तर करार कागदावर जिवंतच राहतो. साहजिकच मुदतीचं घड्याळ चालू होत नाही. निर्बंध हे टोकाचं कारण झालं. बिलावरून वाद झाला तरी हेच कलम लावता येतं, आणि लहान ग्राहकाला धोका खरा तिथेच आहे.

मग अपटाइमची हमी उपयोगी पडणार नाही का? फारशी नाही. समजा, एका पतसंस्थेचं महिन्याचं भाडं २०,००० रुपये आहे आणि करारात ९९.९ टक्के अपटाइम लिहिला आहे. ३० दिवसांत ४३,२०० मिनिटं असतात, म्हणजे सुमारे ४३ मिनिटांची बंदी माफ. एका दिवशी सेवा सहा तास बंद पडली, तर अपटाइम होतो साधारण ९९.१७ टक्के. काही करारांत ९९ ते ९९.९ च्या दरम्यान २५ टक्के क्रेडिट मिळतं, म्हणजे पुढच्या बिलातून ५,००० रुपये वजा. तेही मुदतीत अर्ज केला तरच! त्या सहा तासांत खातेदार परत गेले, त्याची भरपाई नाही, कारण 'क्रेडिट हाच एकमेव उपाय' असं खाली लिहिलेलं असतं. आणि ग्राहकाच्या चुकीमुळे किंवा थकबाकीमुळे झालेली स्थगिती सहसा 'डाउनटाइम'मध्ये धरतच नाहीत.

युरोपात १२ सप्टेंबर २०२५ पासून डेटा ॲक्ट लागू झाला. सेवा बदलायची असेल तर दोन महिन्यांपेक्षा जास्त नोटीस मागता येत नाही आणि डेटा काढून घ्यायला किमान ३० दिवस द्यावे लागतात. भारतात व्यावसायिक ग्राहकासाठी असा कायदा नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तर व्यक्तीलाही डेटा पोर्टेबिलिटीचा हक्क दिलेला नाही. म्हणजे आपल्याकडे जे काही आहे, ते करारातच लिहून घ्यावं लागतं.

काय लिहून घ्यायचं? पहिली गोष्ट, स्थगितीच्या काळातही डेटा निदान वाचता आणि उतरवता येईल, बिलाचा वाद असला तरी. मोठा विक्रेता हे सहजी मान्य करत नाही, लहान भारतीय कंपन्यांशी मात्र बोलणी जमू शकतात. तरीही कायद्याने घातलेल्या निर्बंधापुढे कोणतंही कलम टिकेलच असं नाही. म्हणून दुसरी गोष्ट: ठरावीक काळाने पूर्ण प्रत तुमच्या ताब्यातल्या जागी आलीच पाहिजे, विक्रेत्याच्याच क्लाउडवरची चालणार नाही.

आणि 'पूर्ण' म्हणजे काय, तेही लिहा. एक्सपोर्टचं बटण दाबल्यावर बऱ्याचदा सीएसव्ही फाइल मिळते. त्यात नावं आणि रकमा येतात, पण जोडलेली स्कॅन केलेली कागदपत्रं, कोणती नोंद कोणी कधी बदलली याचा इतिहास आणि कर्जाला जामीनदाराशी जोडणारे क्रमांक गळतात. हे करार वाचून कळत नाही. पहिल्याच महिन्यात एक्सपोर्ट काढा, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा, आणि पाच-दहा कर्जखाती मूळ स्क्रीनशी ताडून बघा. एखाद्या खात्याचा जामीनदार सापडला नाही, तर विक्रेत्याला तेव्हाच लेखी कळवा. तुम्ही नवे ग्राहक असता तेव्हा तो फोन उचलतो.