लागोपाठ दोन छापे

एक जण नाणं उडवत राहतो आणि लागोपाठ दोन छापे पडले की थांबतो. दुसरा आपलं वेगळं नाणं उडवतो. छाप्यापाठोपाठ काटा पडला की त्याचा डाव संपतो. कोण लवकर सुटेल? पहिल्या दोन फेकींत हवी ती जोडी पडण्याची शक्यता दोघांनाही पावच, म्हणून बहुतेक जण ‘सारखंच’ म्हणतात. पण पहिल्याला सरासरी सहा फेकी लागतात, दुसऱ्याला चार.

पहिल्याच्या डावात तीनच अवस्था आहेत. ‘कोरी’ म्हणजे हाती काहीच नाही, ‘अर्धी’ म्हणजे नुकताच एक छापा पडलाय, आणि ‘संपली’. संपलीत शिरलं की बाहेर पडता येत नाही, म्हणून ती शोषक अवस्था. तिला बाजूला ठेवून उरलेल्या दोहोंतल्या ये-जा करण्याच्या शक्यता मांडल्या की Q ही सारणी मिळते:

```
Q = | 1/2  1/2 |
    | 1/2   0  |
```

कोरीतून काटा पडला तर कोरीतच, छापा पडला तर अर्धीत. अर्धीतून काटा पडला तर पुन्हा कोरीत. छापा पडला तर डावच संपला, म्हणून तिथे शून्य.

आता एक फेक झाल्यावर कुठे असू ते Q सांगते, दोन फेकींनंतरचं Q². हे सगळं बेरजेत घेतलं, I + Q + Q² + …, की प्रत्येक अवस्थेत सरासरी किती वेळा असू ते कळतं. शाळेतल्या भूमिती श्रेणीसारखीच ही बेरीज (I − Q)⁻¹ इतकी भरते. हीच मूलभूत सारणी N. केमेनी आणि स्नेल यांच्या 1960 च्या पुस्तकामुळे ती पाठ्यक्रमांत रुळली.

```
N = | 4  2 |
    | 2  2 |
```

पहिली ओळ वाचू. कोऱ्या पाटीनं सुरुवात केली तर सरासरी चार फेकी कोरीतून आणि दोन अर्धीतून होतात, एकूण सहा. दुसरी ओळ मला जास्त बोलकी वाटते: एक छापा हाती असूनही अजून चार फेकी बाकीच.

दुसऱ्याची मूलभूत सारणी अशी:

```
N = | 2  2 |
    | 0  2 |
```

सगळं उत्तर त्या शून्यात आहे. त्याची अर्धी चुकते ती आणखी एक छापा पडून, आणि तो छापा वाया जात नाही. तो अर्धीतच राहतो. पहिल्याची चूक मात्र त्याला थेट कोरीत ढकलते.

नवशिके ‘संपली’ची ओळही Q मध्ये घालतात. मग I − Q मध्ये एक अख्खी ओळ शून्यांची होते आणि व्यस्त सारणी निघतच नाही. बाहेर पडायला वाट नसलेला एखादा कोपरा साखळीत राहून गेला तरी गणित असंच अडतं.

आणि सहा ही फक्त सरासरी आहे. पहिल्याचे निम्मे डाव चौथ्या फेकीपर्यंतच संपतात, तर शंभरातले साधारण चौदा दहा फेकींनंतरही चालूच असतात.