‘जमिनीचं बघायचं’

यादीतली काही कामं दर आठवड्याला खोडली जातात आणि काही कामं नुसती एका पानावरून दुसऱ्या पानावर उतरवली जातात. लाइट बिल भरलं जातं, गॅसचा नंबर लागतो, दळण येतं. ‘गाव – जमीन’ मात्र जिथल्या तिथे. माझ्या एका मावसभावाच्या यादीत ही नोंद काही वर्षं मुक्कामाला होती. वडील गेले तेव्हा ती लिहिली गेली, मग डायरी बदलली, मग यादी फोनमध्ये गेली, पण शब्द तेच राहिले. हा माणूस आळशी नव्हे. एका कारखान्याचं खरेदी खातं सांभाळतो आणि तिथे त्याच्या टेबलावर कागद पडून राहत नाही.

मग हेच काम का अडलं? कारण ते काम नव्हतंच, एका गठ्ठ्याचं नाव होतं. रात्री जेवण झाल्यावर यादी चाळताना ‘लाइट बिल’ वाचलं की हात फोनकडे जातो. ‘गाव – जमीन’ वाचलं की आधी विचार करावा लागतो: म्हणजे नक्की काय करायचं, कुणाला विचारायचं, कागद कुठे आहेत? त्या वेळी तेवढा विचार करायची ताकद नसते, म्हणून नजर पुढच्या ओळीवर सरकते. असं दहा वेळा झालं की ती ओळ दिसेनाशी होते.

डेव्हिड ॲलन या अमेरिकन सल्लागाराचं ‘गेटिंग थिंग्ज डन’ हे पुस्तक 2001 साली आलं. त्यात बरंच काही आहे, फायली आणि ट्रे यांचा थोडा सोसही आहे. पण त्यातला उपयोगी भाग दोन प्रश्नांत मावतो. हे काम संपलं असं कधी म्हणायचं? आणि ते पुढे सरकण्यासाठी आता हातापायांनी करायची पहिली गोष्ट कोणती? मावसभावाला मी हेच दोन प्रश्न विचारले.

पहिल्याच प्रश्नावर तो अडखळला. “सातबारा आमच्या नावावर झाला की संपलं,” तो म्हणाला. मग थांबून, “म्हणजे, दोघी ताईंशी बोलून वाटणीही करायचीय. आणि बांधावरून शेजारच्यांशी कुरबुर आहे, त्यामुळे मोजणीसुद्धा.” ही तीन वेगळी कामं झाली. वारसांची नावं लावणं एक, वाटप दुसरं, मोजणी तिसरं. त्यांची कार्यालयं वेगळी, कागद वेगळे, लागणारा वेळही वेगळा. वारस नोंदीनं सगळ्या वारसांची नावं उताऱ्यावर एकत्र येतात, कुणाच्या वाट्याला कोणता तुकडा ते त्यातून ठरत नाही. मोजणीसाठी भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करावा लागतो. ही तिन्ही कामं एका ओळीत कोंबल्यामुळे सर्वांत सोपं काम सर्वांत अवघड कामाच्या मागे अडकून पडलं होतं. बहिणींशी वाटणीचं बोलणं त्याला नकोसं वाटत होतं, म्हणून तो तलाठ्यालाही फोन करत नव्हता. खरं तर वारस नोंदीसाठी वाटणी ठरलेली असावी लागत नाही.

म्हणून आधी एकच काम निवडलं आणि त्याचा शेवट लिहून काढला: ‘गावच्या सातबाऱ्यावर आई, मी आणि दोघी ताई अशी चौघांची नावं लागलेली.’ हे वाक्य कामाचं नाही, निकालाचं आहे. उतारा हातात घेऊन नावं मोजता येतात, झालं की नाही यावर वाद उरत नाही. वाटप आणि मोजणी यांच्या ओळी वेगळ्या कागदावर गेल्या.

आता दुसरा प्रश्न. “तलाठ्याकडे अर्ज द्यायचा,” तो म्हणाला. ऐकायला हे ठोस वाटतं. पण तो ठाण्यात राहतो आणि जमीन सातारा जिल्ह्यात आहे. मी विचारलं, उद्या सकाळी अर्ज देऊ शकशील? नाही, कारण मृत्यू दाखला नाही. दाखला का नाही? कारण तो ग्रामपंचायतीतून आणायचा म्हणून गावी जाण्याची वाट पाहणं चाललं होतं. इथे खरी गोम सापडली. मृत्यूची नोंद ज्या ठिकाणी मृत्यू झाला तिथे होते. त्याचे वडील पुण्यातल्या एका रुग्णालयात गेले होते, त्यामुळे नोंद पुणे महापालिकेकडे असणार होती. गावच्या ग्रामपंचायतीत कितीही खेपा घातल्या असत्या तरी कागद मिळाला नसता. ‘उद्या सकाळी हे करू शकशील का?’ हा प्रश्न उत्तर ‘हो’ येईपर्यंत विचारत राहायचा, तोपर्यंत पायरी सापडलेली नसते.

शेवटी यादीत आलेल्या ओळी अशा होत्या. ‘आईला फोन: बाबांच्या रुग्णालयाच्या फाइलमध्ये मृत्यू दाखल्याची प्रत आहे का?’ ‘महाभूलेखवर गावाचं नाव आणि गट नंबर टाकून सातबारा पाहणे, बाबांचं नाव कसं छापलंय ते उतरवून घेणे.’ ‘काकांना फोन: सध्याच्या तलाठ्यांचा नंबर.’ तीन ओळी. तिन्हींत क्रियापद आहे, माणूस किंवा जागा आहे आणि काय विचारायचं तेही आहे. यादी बायकोच्या हातात दिली तरी तिला एकही प्रश्न न विचारता ही कामं करता आली असती. ओळ जमली की नाही ते तपासायला मला हीच कसोटी सर्वांत भरवशाची वाटते. ‘बघणे’, ‘मार्गी लावणे’, ‘फॉलोअप’ यांनी संपणाऱ्या ओळी तिच्यावर लगेच नापास होतात.

दाखला आईच्या कपाटात निघाला. उताऱ्यावर मात्र वडिलांचं नाव ‘पांडू’ होतं आणि दाखल्यावर ‘पांडुरंग’. हे घराघरांत होतं. हे आधी कळलं म्हणून तलाठ्यांशी फोनवर बोलताना नेमका प्रश्न विचारता आला: नावात असा फरक असेल तर प्रतिज्ञापत्रात काय लिहायचं? त्यांनी सांगितलं, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं लिहा, सोबत ओळखीचा जुना कागद जोडा. शिवाय सगळ्या वारसांची नावं, नाती आणि पत्ते द्या, लग्न झालेल्या मुलींचीसुद्धा. मुलगी वारस आहे, तिचं नाव गाळून अर्ज दिला तर तो पुढे तक्रारीत अडकतो. बहिणींना हक्क सोडायचाच असेल तर ते नोंदणीकृत दस्तानं, वेगळ्या वेळी. त्याचा या अर्जाशी संबंध नाही.

यादीच्या बाबतीत एक मोह मोठा असतो: सगळं काम पहिल्याच दिवशी शेवटपर्यंत फोडायचं. मावसभावानं तेही केलं. एका रविवारी बसून मोजणी आणि कुंपणापर्यंतच्या पंचवीस-तीस पायऱ्या लिहिल्या, रंगीत पेनानं. त्यातल्या निम्म्या आठवडाभरात रद्द झाल्या. ग्रामपंचायतीची खेप नको होती, नावातल्या फरकाची पायरी मुळात सुचलेलीच नव्हती आणि अर्ज ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइनही देता येतो हे कळल्यावर रजेचं गणितच बदललं. पुढची पायरी बहुतेक वेळा आधीच्या पायरीच्या उत्तरावर ठरते. म्हणून निकालाचं एक वाक्य आणि आत्ता करता येतील तेवढ्याच एक-दोन-तीन कृती, इतकंच लिहावं. एक कृती खोडताना तिच्या जागी पुढची लिहिली की काम चालू राहतं. खोडलं आणि जागा रिकामी ठेवली, तर काम पुन्हा अंधारात जातं. रंगीत आराखडा हे माझ्या मते पुष्कळदा काम टाळण्याचंच एक सभ्य रूप असतं. याला अपवाद लग्न, घरबांधणी अशा कामांचा, तिथे तारखा एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि पूर्ण आराखडा लागतोच.

अर्ज गेल्यावर यादीत वेगळ्याच जातीची ओळ येते. तलाठी (2024 पासून सरकारी नाव ग्राम महसूल अधिकारी) चौकशी करून फेरफार नोंद घेतात आणि संबंधितांना नोटीस काढतात. हरकतीसाठी 15 दिवसांची मुदत असते. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मग ती सातबाऱ्यावर उतरते. या काळात करण्यासारखं काहीच नसतं, पण विसरून चालत नाही. ‘वाट पाहणे’ असं नुसतं लिहिणं निरुपयोगी. ‘फेरफार नोंद – तलाठ्यांकडे – अर्ज 3 तारखेला – 24 तारखेला फेरफाराची स्थिती ऑनलाइन पाहणे’ असं लिहिलं तर त्या दिवसापर्यंत डोक्यावर भार राहत नाही. कुणाकडे, कधीपासून आणि पुन्हा कधी विचारायचं, या तीन गोष्टींतली एक जरी राहिली तरी ओळ कुजते.

डोक्यावरचा भार हा शब्दप्रयोग मी सैलपणे वापरत नाही. 2011 साली मासिकॅम्पो आणि बॉमाइस्टर या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांतून दाखवलं की अपुरं काम मनात मध्ये-मध्ये डोकावतं आणि दुसऱ्या कामात व्यत्यय आणतं, पण ते कसं करायचं याची नेमकी योजना केली की काम झालेलं नसतानाही हा व्यत्यय बराचसा थांबतो. त्याआधी जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी वेळ आणि जागा ठरवण्याचा परिणाम अभ्यासला होता. सुट्टीत एक छोटा अहवाल लिहायचा होता. तो कधी आणि कुठे बसून लिहिणार हे आधीच ठरवलेल्या विद्यार्थ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिकांनी तो वेळेत लिहिला, न ठरवलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांशांनी. म्हणून ‘काकांना फोन’ ही ओळ ‘शनिवारी सकाळी चहानंतर काकांना फोन’ अशी लिहिलेली चांगली. मात्र प्रत्येक ओळीला तारीख चिकटवू नये. खोट्या तारखा दोन आठवड्यांत लक्षात येतात, मग खऱ्या तारखांवरचाही विश्वास उडतो.

फोडून लिहिल्यानं काय होत नाही तेही सांगायला हवं. चौघांची नावं सातबाऱ्यावर लागली, ती ओळ खोडली गेली. वाटणीची ओळ मात्र वेगळ्या कागदावर तशीच होती. तिथेही त्यानं पहिली कृती लिहिली: ‘मोठ्या ताईला फोन, दिवाळीत दोन तास बसायचं का विचारणे.’ क्रियापद आहे, माणूस आहे, वेळ आहे. तरी फोन होत नव्हता. ही अडचण पायरीच्या आकाराची नव्हती. वाटणीत विहीर कुणाकडे जावी यावर त्याचंच मत ठरलेलं नव्हतं आणि ताईनं विचारलंच तर काय सांगायचं याची त्याला धास्ती होती. नीट लिहिलेली ओळही दोन-तीन आठवडे हलत नसेल, तर ती आणखी बारीक करून उपयोग नाही, तिच्याखाली एखादा न घेतलेला निर्णय दडलेला असतो. मग पुढची कृती म्हणजे त्या निर्णयासाठीच बसणं. त्यानं लिहिलं: ‘रविवारी आईसोबत कागदावर शेताचा नकाशा काढून विहिरीचे दोन पर्याय लिहिणे.’ आईनं तिसरा पर्याय सुचवला: विहीर तिघांत सामाईक, पाण्याच्या पाळ्या ठरवून. त्यानंतर ताईला फोन करायला त्याला रविवारची संध्याकाळही लागली नाही.

मोजणीची ओळ अजून कागदावर आहे, पण कामांच्या यादीत नाही. वाटप ठरल्याशिवाय मोजणीचा अर्ज द्यायचा नाही असं त्यानं ठरवलंय, म्हणून ती ‘पुढे कधीतरी’ या पानावर गेली. ते पान तो महिन्यातून एकदा उघडतो.