मैदान तिरकं का येतं? फुटबॉलची मापं आणि आखणी



दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेत पाचवीच्या मुलांचा सामना होता. सकाळी घाईघाईत आम्ही तिघा शिक्षकांनी मैदान आखलं. सामना सुरू झाल्यावर एक पालक हळूच म्हणाले, "सर, तो पलीकडचा गोल जरा वाकडा नाही का?" मी हसून विषय टाळला. सामना संपल्यावर दोन्ही कर्ण मोजले, तर त्यांत 38 सेंटिमीटरचा फरक! गणित शिकवणाऱ्या माणसाला ही शोभणारी गोष्ट नव्हती. तेव्हापासून मी मैदान ज्या पद्धतीने आखतो ती इथे सांगतो.

आधी मापं. मोठ्यांच्या अकरा खेळाडूंच्या सामन्यासाठी नियमाप्रमाणे लांबी 90 ते 120 मीटर आणि रुंदी 45 ते 90 मीटर चालते. आंतरराष्ट्रीय सामन्यांना मात्र 100 ते 110 बाय 64 ते 75 एवढंच. अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात 2022 साली महिला आशिया चषकाचे सामने झाले. तिथलं मैदान मुलांना एकदा गॅलरीतून दाखवा, मग आपल्या शाळेच्या पटांगणात ते का मावत नाही हे वेगळं सांगावं लागत नाही. मोठा गोल 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच. हे आकडे विचित्र वाटतात, कारण मूळ मापं यार्ड आणि फुटांत आहेत: 8 यार्ड आणि 8 फूट. मधलं वर्तुळ 9.15 म्हणजे 10 यार्ड, पेनल्टीचा ठिपका 11 मीटर म्हणजे 12 यार्ड. एकक बदलण्याचा धडा शिकवायला याहून बरं उदाहरण मला अजून मिळालेलं नाही.

लहान मुलांसाठी नियमांतच मैदान, चेंडू आणि गोल लहान करायची मोकळीक आहे. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेची मापं आम्हाला सोयीची पडतात: नऊ-दहा वर्षांच्या मुलांना सातास सात, मैदान 55 बाय 37 मीटर, गोल 3.66 बाय 1.83 मीटर. अकरा-बारा वर्षांना नवास नऊ, 73 बाय 46, गोल 4.88 बाय 2.13. स्पर्धेला जात असाल तर आयोजकांचं पत्रक आधी बघा, तिथली मापं वेगळी असू शकतात. पण दहा वर्षांच्या गोलकीपरला मोठ्या गोलात उभं करू नका. साधारण 135 सेंटिमीटर उंचीच्या पोराने हात वर केले तरी बार हाताला लागत नाही, आणि त्याला राखायचं क्षेत्रफळ लहान गोलाच्या अडीचपटीहून जास्त होतं. डोक्यावरून गेलेल्या प्रत्येक चेंडूचा दोष मग त्याच्या माथी येतो.

आता आखणी. आमचं पटांगण भिंतीपासून भिंतीपर्यंत सुमारे 62 बाय 44 मीटर आहे. चारी बाजूंनी 3 मीटर मोकळे सोडले की 61 बाय 43 लागतात, म्हणजे सातास सातचं मैदान बसतं. ते 3 मीटर कधीही खाऊ नका, धावत येणारं मूल भिंतीवर आदळतं.

लांब भिंतीपासून 3 मीटर आत सुतळी ताणून पहिली रेषा घ्या. तिच्यावर दोन खिळे ठोका, 'अ' आणि 'ब', अंतर 55 मीटर. टेप 30 मीटरचा असेल तर दोन टप्पे करावे लागतील. मधला खिळा सुतळीला लागूनच असू द्या. आता 'अ'पाशी काटकोन हवा. इथेच आम्ही चुकलो होतो. आम्ही 3-4-5चा त्रिकोण घेतला, कर्णावर टेप दीड सेंटिमीटर सैल राहिला, त्यामुळे टोकाचा खिळा अडीच सेंटिमीटर सरकला. 4 मीटरवर अडीच सेंटिमीटर काहीच वाटत नाही. पण तीच रेषा 37 मीटरपर्यंत ओढली की चूक सव्वानऊपट होते, सुमारे 23 सेंटिमीटर. मैदान त्या बाजूला कलंडलं आणि कर्णांत 38 सेंटिमीटरचा फरक पडला.

उपाय सोपा: त्रिकोण मोठा घ्या, 9-12-15. रेषेवर 'अ'पासून 9 मीटरवर खिळा ठोका. एकाने टेपचा शून्य 'अ'वर धरायचा, दुसऱ्याने टेपवरचा 27चा आकडा त्या 9 मीटरच्या खिळ्यावर धरायचा आणि तिसऱ्याने 12च्या आकड्याला धरून टेप मैदानाच्या बाजूला ताणायचा. दोन्ही बाजू घट्ट झाल्या की त्या बिंदूवर खिळा. तीच दीड सेंटिमीटरची ढिलाई झाली तरी 37 मीटरवर चूक आठ सेंटिमीटरच्या आत राहते. मग 'अ'पासून त्या खिळ्यावरून सुतळी सरळ पुढे नेऊन 37 मीटरवर तिसरा कोपरा. 'ब'पाशीही हेच करा.

शेवटी दोन्ही कर्ण मोजा. ते 66.29 मीटर यायला हवेत. फरक असेल तर त्याचा साधारण सहा-दशांश भाग एवढी पलीकडची लांब रेषा सरकली आहे. म्हणजे 50 सेंटिमीटर फरक असेल तर दूरचे दोन्ही खिळे, लांब कर्ण कमी होईल त्या दिशेने, 30 सेंटिमीटर सरकवा आणि पुन्हा मोजा. हे फक्की टाकायच्या आधी करायचं, नंतर नाही!

गोलसाठी 37चा मध्य 18.5, त्याच्या दोन्ही बाजूंना 1.83. खांबांच्या आतल्या कडा कोपऱ्यापासून 16.67 आणि 20.33 मीटरवर येतात. गोलचं माप नेहमी आतल्या कडेपासून. मोठ्या मैदानावर पेनल्टी बॉक्स आखताना ही चूक फार होते. 16.5 मीटर खांबाच्या आतल्या कडेपासून मोजायचे, बाहेरच्या नव्हे. बॉक्सची एकूण रुंदी 40.32 यायला हवी. 12 सेंटिमीटर जाडीच्या खांबांच्या बाहेरून मोजलं तर ती 40.56 होते. रेषा ज्या भागाला वेढते त्या भागाचीच असते, म्हणून मापं रेषेच्या बाहेरच्या कडेपर्यंत. रेषा 12 सेंटिमीटरहून जाड नको आणि गोलरेषा खांबाइतकीच जाड हवी.

वर्तुळ आणि बॉक्सबाहेरची कमान सुतळीने काढू नका. ताग भिजला की आखडतो आणि नायलॉन ताणला की लांबतो. टेपच वापरा.

फक्की कोणती आणता तेही पाहा. रंगाऱ्याकडचा कळीचा किंवा विरलेला चुना डोळ्यांत गेला तर इजा करतो. खडूसारखी पांढरी फक्कीच मागा. पावसाळ्यात, म्हणजे नेमक्या आपल्या फुटबॉलच्या दिवसांत, लाल मातीवर ती तासाभरात वाहून जाते. म्हणून आम्ही कोपऱ्यांचे खिळे जमिनीलगत ठोकून तसेच ठेवतो आणि दोन डावांच्या मध्ये त्यांवरून सुतळी ताणून फक्की परत टाकतो. सामने संपले की खिळे मोजून काढायचे, एकही राहता कामा नये.

आणि हलवता येणारा लोखंडी गोल असेल तर त्याच्या मागच्या पायावर वाळूच्या गोण्या ठेवा किंवा तो खुंट्यांनी जमिनीत जखडा. पोरं बारला लोंबकळतात आणि मोकळा गोल पुढे उलटतो. आमच्याकडे मुलं मैदानात यायच्या आधी एक शिक्षक दोन्ही गोल पुढून ओढून बघतो. गोल हलला तर सामना सुरू होत नाही.