ठरलेल्या वेळेची पोस्ट, अवेळी आलेली बातमी

१५ जानेवारी २०१३ रोजी आयर्लंडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने एका तपासणीचे निकाल जाहीर केले. गोमांसाचे म्हणून विकल्या जाणाऱ्या बर्गरमध्ये घोड्याचं मांस सापडलं होतं. टेस्को या ब्रिटिश दुकानसाखळीच्या एका स्वस्त बर्गरच्या नमुन्यात तर ते गोमांसाच्या तुलनेत २९ टक्के निघालं. लोक चिडले. त्याच आठवड्यात एका रात्री टेस्कोच्या ग्राहकसेवेच्या ट्विटर खात्यावरून निरोप गेला, की झोपायची वेळ झाली, सकाळी आठला भेटू. झोपायला जाण्यासाठी त्यात ‘हिट द हे’ हा इंग्रजी वाक्प्रचार होता, आणि ‘हे’ म्हणजे वाळलेलं गवत, घोड्याचं खाणं. कंपनी आपली थट्टा करते आहे, असं लोकांना वाटलं. टेस्कोने माफी मागितली. ते ट्विट प्रकरण कळण्याआधीच शेड्यूल करून ठेवलेलं होतं, असा खुलासा केला.

आपत्तीच्या वेळी घातक शब्द असलेल्या पोस्टच तेवढ्या अडवू, असं अनेक कंपन्यांना वाटतं. पण गवताचा उल्लेख कोणाच्या यादीत असणार? एखादं वाक्य बोचरं ठरतं ते आजूबाजूच्या बातमीमुळे, आणि ती बातमी पोस्ट लिहिताना घडलेलीच नसते. म्हणून निवडून अडवण्याच्या भानगडीत न पडता आधी सगळंच थांबवावं आणि मग एकेक पोस्ट वाचावी, हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

थांबवण्याची यंत्रणा तशी साधी असते. प्रत्येक पोस्टपुढे वेळ नोंदलेली असते. एक प्रोग्रॅम दर मिनिटाला ती यादी चाळतो आणि वेळ झालेल्या पोस्ट पाठवतो. पाठवण्याच्या अगदी आधी त्याने एकच खूण तपासायची: ‘थांबा’ असं लिहिलंय का? ही तपासणी शेड्यूल करताना केली तर तिचा उपयोग नाही, कारण तेव्हा सगळं ठीकच असतं. आणि बिघाडामुळे ती खूण वाचताच आली नाही, तर पोस्ट जाऊ द्यायची नाही.

गळती होते ती दुसरीकडून. एका साधनातली रांग थांबली, तरी फेसबुकच्या किंवा यूट्यूबच्या स्वतःच्या सोयीने शेड्यूल केलेलं त्या साधनाच्या ताब्यात नसतं. पैसे भरून चालवलेल्या जाहिराती, ईमेल, मोबाइल ॲपवरच्या सूचना यांचे मार्ग वेगळे, आणि बहुतेकदा माणसंही वेगळी. प्रत्येक मार्ग त्या एकाच खुणेला जोडलेला नसेल, तर ‘सगळं थांबवलं’ हे वाक्य खरं नसतं.

खूण आपोआप कधी लागावी, हा खरा अवघड भाग. २२ एप्रिल २०२५ च्या दुपारी पहलगामजवळच्या बैसरन पठारावर दहशतवादी हल्ला झाला. सुरुवातीच्या बातम्यांमधून त्याची भीषणता पुरती कळत नव्हती. संध्याकाळ होता होता ती समोर येत गेली. त्यात २६ जणांचा बळी गेला, त्यांतले सहा महाराष्ट्रातले होते. कल्पना करा, पुण्यातल्या एका सहल कंपनीने संध्याकाळी सातसाठी ‘चला काश्मीरला’ अशी पोस्ट लावून ठेवली आहे. यंत्रणेने मृतांचा मोठा आकडा येण्याची वाट पाहिली, तर ती पोस्ट निघून जाऊ शकते. म्हणून उंबरठा खाली ठेवावा लागतो: आपण व्यवसाय करतो त्या जागेचं नाव आणि हल्ला, अपघात, मृत्यू यांसारखा शब्द दोन विश्वासार्ह वृत्तसंस्थांकडून थोड्या वेळात आला, की थांबायचं. स्वतःच्या ब्रँडवरच्या संकटात खूण वेगळी असते. कंपनीच्या नावाचे उल्लेख त्या तासाच्या नेहमीच्या सरासरीच्या कितीतरी पट वाढतात. कधी यंत्रणा उगीचच थांबेल. तेव्हा दोन-चार पोस्ट उशिरा जातील, एवढंच.

पुन्हा सुरू करण्याचं काम मात्र यंत्राकडे देऊ नये. प्रोग्रॅम ‘वेळ होऊन गेलेल्या पोस्ट’ शोधत असेल, तर खूण काढताच अडकलेल्या सगळ्या पोस्ट एकदम बाहेर पडतात. काही साधनं त्या पुढच्या मोकळ्या वेळांत सरकवतात, काही बाजूला ठेवून देतात. आपलं साधन काय करतं, हे शांततेच्या दिवसातच तपासून घ्यावं. नंतर जबाबदार माणसाने रांग वाचायची. त्या सहल कंपनीच्या रांगेतली केरळची पोस्ट काही दिवसांनी जाऊ शकेल. काश्मीरची मात्र काढूनच टाकावी लागेल, आणि तिच्या जागी आधी हे जायला हवं: तिथे असलेल्या आपल्या प्रवाशांच्या नातेवाइकांनी कोणत्या नंबरवर फोन करायचा, आणि रद्द झालेल्या सहलींचे पैसे कसे परत मिळणार.